तारेचा खर्च कोणाच्या बिलात?

घराला महिनाभर कुलूप, मीटरचा आकडा होता तिथेच, तरी विजेचं बिल येतं. युनिट शून्य, आणि खाली रक्कम छापलेली. ‘स्थिर आकार’ या ओळीवर ग्राहकांचा जितका राग असतो, तितका बिलातल्या दुसऱ्या कुठल्याही ओळीवर नसेल. वापरलंच नाही तर पैसे कसले, हा प्रश्न बिनतोड वाटतो. अर्थशास्त्रात याच प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षं वाद चालू आहे आणि त्यातली पहिली ठिणगी एका पुलाच्या टोलवरून पडली होती.

1844 साली फ्रान्समध्ये ज्यूल ड्युपुई नावाच्या इंजिनिअरने सार्वजनिक बांधकामांच्या उपयुक्ततेवर एक निबंध लिहिला. रस्ते आणि पूल बांधणं हा त्याचा पेशा. त्याचा मुद्दा साधा होता. पूल एकदा उभा राहिला, की आणखी एक माणूस त्यावरून चालत गेल्याने खर्च काही वाढत नाही. तरीही आपण टोल लावतो. मग ज्याला पलीकडे जाण्याची गरज आहे पण टोल परवडत नाही, तो अलीकडेच थांबतो. त्याचं नुकसान झालं आणि पुलाच्या मालकालाही काही मिळालं नाही. हे नुकसान कोणाच्याच खिशात जात नाही, ते नुसतं वाया जातं.

यातला ‘आणखी एक’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. आणखी एक माणूस, आणखी एक युनिट, आणखी एक प्रवासी यासाठी जो जादा खर्च येतो त्याला सीमान्त खर्च म्हणतात. एकूण खर्चाला एकूण संख्येने भागलं की सरासरी खर्च निघतो. भाजीच्या धंद्यात या दोन आकड्यांत फारसं अंतर नसतं. पूल, रेल्वे, पाण्याची पाइपलाइन, विजेच्या तारा यांत मात्र ते प्रचंड असतं, कारण जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच जमिनीत गाडला जातो. ग्राहक वाढले की तोच खर्च जास्त जणांत वाटला जातो आणि सरासरी उतरत जाते. अशा धंद्यात दोन कंपन्यांपेक्षा एकच कंपनी स्वस्तात काम करते. यालाच नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. इथे ती कोणी कट करून आणलेली नसते, खर्चाच्या हिशेबातूनच ती उभी राहते.

तोंडी बोलत राहिलं तर हे सगळं हवेत राहतं, म्हणून एक काल्पनिक शहर घेऊ. आकडे सोपे ठेवले आहेत, पण हिशेब खरा आहे.

या शहरात एक लाख घरं आहेत आणि वीज पुरवणारी एक कंपनी. खांब, तारा, रोहित्रं, उपकेंद्रं, त्यांवरच्या कर्जाचं व्याज आणि देखभाल मिळून वर्षाला 20 कोटी रुपये लागतात. एक युनिट विकलं काय नि कोट्यवधी विकली काय, हे 20 कोटी ठरलेले. शिवाय प्रत्येक युनिट बाहेरून विकत घेऊन घरापर्यंत पोचवायला 4 रुपये पडतात. हा झाला सीमान्त खर्च. दर 4 रुपये असेल तर शहर वर्षाला 12 कोटी युनिटं वापरतं, आणि दर एका रुपयाने वाढला की वापर एक कोटी युनिटांनी घटतो, असं धरू.

कंपनीला मोकळं सोडलं तर ती काय करील? ती 10 रुपये दर लावील. त्या दराला 6 कोटी युनिटं खपतात, प्रत्येकामागे 6 रुपये सुटतात, म्हणजे 36 कोटी. त्यातून तारांचे 20 कोटी वजा जाता 16 कोटी नफा. दर याहून चढवला किंवा उतरवला तर नफा कमीच होतो. ज्यांनी एसी बंद ठेवला, इस्त्रीचं दुकान अर्धा दिवसच उघडलं, त्यांचं नुकसान कंपनीच्या ताळेबंदात कुठेही दिसत नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे दुसरी कंपनी आणा, स्पर्धा होऊ द्या. पण दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या तारा टाकल्या की शहरावरचा ठरलेला खर्च 20 चा 40 कोटी होतो. आणि आपण आत्ताच पाहिलं, की या शहरातून विजेच्या खरेदीखर्चावर जास्तीत जास्त 36 कोटीच निघू शकतात, तेही दर 10 रुपयांवर ताणल्यावर. म्हणजे असा कोणताही एक दर नाही, ज्याने दोन्ही कंपन्यांचा खर्च निघेल. एक बुडणार, किंवा दुसरीत विलीन होणार. मधल्या काळात रस्ते दोनदा खणले जातील ते वेगळंच.

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत प्रत्यक्ष उभा राहिला. तिथे टाटा पॉवर आणि तेव्हाची रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर या दोघांकडे परवाने होते, पण घरोघरी पोचलेलं तारांचं जाळं प्रामुख्याने रिलायन्सचं. 2008 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार आहे असं सांगितलं. पुढच्या वर्षी राज्याच्या वीज नियामक आयोगाने वाट काढली ती अशी : तार जिची आहे तिचीच राहू द्या, वीज मात्र दुसऱ्याची घ्या आणि तारेच्या मालकाला तार वापरल्याचं भाडं द्या. बिलात ‘वहन आकार’ म्हणून जी ओळ असते, ती हे भाडं. त्याच तारेवरून, त्याच मीटरमधून कंपनी बदलता आली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने मक्तेदारी नेमकी कुठे आहे हे हेरलं. वीज विकण्यात स्पर्धा होऊ शकते, तारेत नाही.

तेव्हा तार एकाच कंपनीची राहणार हे मान्य. आता दर कोण ठरवणार? सरकारने नेमलेला नियामक. आणि तो कोणता दर ठरवील? इथे रस्त्याला दोन फाटे फुटतात.

पहिला फाटा सरासरी खर्चाचा. कंपनीचा सगळा खर्च भरून निघेल आणि जास्तीचा नफा उरणार नाही, असा दर लावायचा. आपल्या शहरात तो 6 रुपये येतो. त्या दराला 10 कोटी युनिटं खपतात, प्रत्येकामागे 2 रुपये सुटतात, बरोबर 20 कोटी जमतात. तारांचा खर्च निघाला, कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

दुसरा फाटा ड्युपुईच्या पुलावरून जातो. सीमान्त खर्चाएवढाच, म्हणजे 4 रुपये दर लावायचा. ज्या कोणाला युनिटाची किंमत 4 रुपयांपेक्षा जास्त वाटते त्या प्रत्येकाला ते मिळतं आणि काहीही वाया जात नाही. 12 कोटी युनिटं खपतात. मात्र कंपनीच्या हाती तेवढेच पैसे येतात जेवढे तिने वीज घ्यायला घातले, आणि तारांचे 20 कोटी जसेच्या तसे अंगावर राहतात. सरासरी खर्च उतरत असतो तेव्हा सीमान्त खर्च नेहमी त्याच्या खालीच असतो, त्यामुळे हा तोटा कारभार वाईट म्हणून होत नाही. जगातला सर्वात कार्यक्षम व्यवस्थापक आणून बसवला तरी या दराला तोटा ठरलेलाच. तो भरायचा तर सरकारी तिजोरीतून.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी 1938 साली हेच ठामपणे मांडलं. रेल्वे, वीज, पूल यांचे दर सीमान्त खर्चाला आणा, तोटा करांतून भरा, असं ते म्हणाले. कर कोणते, हेही त्यांनी सुचवलं : जमिनीच्या किमतीवरचा, वारशावरचा, उत्पन्नावरचा. पूल झाल्याने ज्यांच्या जमिनीचे भाव चढतात त्यांच्याकडून पुलाचे पैसे घ्यावेत, यात न्यायही होता. आठ वर्षांनी, 1946 मध्ये, रोनाल्ड कोस यांनी त्याला उत्तर दिलं. त्यांचा आक्षेप असा, की जी वस्तू घेणारे तिचा पूर्ण खर्च द्यायला तयार आहेत की नाहीत हे कधी तपासलंच जात नाही, ती मुळात बनवावी की नाही हे कळणार कसं? शिवाय तारेचा खर्च तार न वापरणाऱ्यानेही का सोसावा?

या वादात बाजू घेण्याआधी आपल्या शहराकडे पुन्हा वळू. प्रत्येक फाट्यावर शहराचं नेमकं किती भलं होतं ते मोजता येतं.

10 रुपयांवरून दर 6 वर आणला तेव्हा 4 कोटी युनिटं जास्त वापरली गेली. ती वापरणाऱ्यांना त्यांची किंमत 6 ते 10 रुपयांच्या दरम्यान वाटते, सरासरी 8 धरू. खर्च आला 4. म्हणजे दर युनिटामागे 4 रुपयांचं भलं, एकूण 16 कोटींचं. आता 6 वरून 4 वर आलो. आणखी 2 कोटी युनिटं वापरली गेली. त्यांची किंमत लोकांच्या लेखी 4 ते 6, सरासरी 5. खर्च 4. दर युनिटामागे एकच रुपया, एकूण 2 कोटींचं भलं.

आणि या 2 कोटींसाठी तिजोरीतून किती काढले? 20 कोटी.

हे 20 कोटी काही जळून गेलेले नाहीत, ते स्वस्त विजेच्या रूपाने ग्राहकांकडेच गेले. पण ते आधी कर म्हणून कोणाकडून तरी घ्यावे लागले, आणि कर गोळा करायलाही खर्च येतो. वसुलीची यंत्रणा लागते, कर चुकवण्याच्या खटपटी होतात, कर लागल्यामुळे काही व्यवहार होतच नाहीत. करातून आलेल्या प्रत्येक रुपयामागे असे 10 पैसे जरी वाया गेले, तरी 20 कोटींवर 2 कोटी गेले आणि सगळा फायदा धुऊन निघाला. 20 पैसे गेले तर शहर सरासरी दरावर होतं त्यापेक्षा वाईट अवस्थेत पोचलं.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत सीमान्त खर्चाचा बिंदू ‘आदर्श’ म्हणून दाखवलेला असतो आणि सरासरी खर्चाचा ‘तडजोड’ म्हणून. माझ्या मते विजेच्या बाबतीत तडजोडच बहुतेक वेळा शहाणी ठरते, कारण मोठं भलं मक्तेदाराला लगाम घालण्यात असतं आणि शेवटचा टप्पा महाग पडतो. ड्युपुईच्या पुलाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो आणि टोल पाहून परत फिरणारे खूप असतात. मेट्रोही त्याच जातीची. अर्धी रिकामी गाडी धावतेच आहे, तिच्यात आणखी शंभर जण बसले तर खर्च वाढत नाही. सगळा खर्च तिकिटातून काढायला गेलं तर गाडी आणखी रिकामी होते आणि ते शंभर जण रस्त्यावर गाड्या घेऊन उतरतात. मुंबईच्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोसाठी 2015 मध्ये भाडे निश्चिती समितीने 10 ते 110 रुपयांचा पल्ला सुचवला होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ती वाढ अमलात आली नाही. तेव्हा तत्त्व एकच असलं तरी उत्तर धंद्यागणिक बदलतं. दर वाढल्यावर किती जण पाठ फिरवतात, यावर ते ठरतं.

कोस नुसता आक्षेप घेऊन थांबले नव्हते. त्यांनी तिसरी वाट दाखवली : किंमत दोन तुकड्यांत घ्या. तार वापरायला मिळते म्हणून एक ठरावीक रक्कम, आणि वापरलेल्या प्रत्येक युनिटाला फक्त सीमान्त खर्च. आपल्या शहरात 20 कोटी एक लाख घरांत वाटले, तर घरटी वर्षाला 2,000 रुपये, महिन्याला साधारण 167. त्यावर 4 रुपये युनिट. आता वापर पुन्हा 12 कोटी युनिटांवर जातो, काहीही वाया जात नाही, तिजोरीला हात लावावा लागत नाही, आणि ज्यांनी तार वापरली त्यांनीच तिचे पैसे दिले. कुलूप लावलेल्या घराला येणारा स्थिर आकार म्हणजे हाच पहिला तुकडा. तुम्ही गावाला गेलात तरी तुमच्या नावाची तार, रोहित्रातली जागा आणि वायरमन हे सगळं तिथेच होतं.

मग इतकं साधं उत्तर असताना भांडण उरलंच कशाला? महिन्याला 20 युनिटं वापरणारी, दोन दिवे आणि एक पंखा असलेली खोली घ्या. सहा रुपये दराने तिचं बिल 120 रुपये होतं. दोन तुकड्यांच्या पद्धतीत तेवढ्याच विजेचे 247 होतात. उलट 300 युनिटं जाळणाऱ्या बंगल्याचं बिल 1,800 वरून 1,367 वर येतं. कार्यक्षमतेचा विजय झाला आणि त्याची किंमत खोलीने मोजली. काही खोल्या तर वीजजोडच सोडून देतील, आणि मग पुलाच्या अलीकडे थांबलेला माणूस पुन्हा तिथेच उभा राहील.

म्हणून प्रत्यक्षात कोणताही नियामक ही पद्धत निखळ वापरत नाही. स्थिर आकार खऱ्या ठरीव खर्चापेक्षा कमी ठेवला जातो, उरलेला ठरीव खर्च युनिटाच्या दरात मिसळला जातो, आणि तो दरही वापराच्या टप्प्यांनुसार चढता असतो. महाराष्ट्रात आयोग आधी वीज खरेदी, देखभाल, घसारा, व्याज आणि भांडवलावरचा परतावा अशी कंपनीची वर्षाची महसुली गरज ठरवतो. तिला विकल्या जाणाऱ्या युनिटांनी भागलं की पुरवठ्याचा सरासरी खर्च निघतो. हा पाया सरासरी खर्चाचाच आहे. त्यावर मग कोणाला सरासरीच्या खाली आणि कोणाला वर ठेवायचं याची रचना होते. उद्योग आणि दुकानं वर, शेतीपंप आणि लहान घरं खाली. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. केंद्राच्या धोरणात ही तफावत सरासरीच्या वीस टक्के अलीकडे-पलीकडे असावी असं म्हटलं आहे.

क्रॉस सबसिडी हा खरं तर लपवलेला कर आहे. विधिमंडळात चर्चा न होता तो कारखान्याच्या बिलातून वसूल होतो. आणि इतर करांप्रमाणेच त्यातूनही पळवाटा निघतात. मोठा कारखाना स्वतःची सौर वीज उभारतो, किंवा दुसऱ्या उत्पादकाशी थेट करार करून वीज फक्त महावितरणच्या तारेवरून आणतो. तो गेला की त्याच्या वाट्याचा तारेचा खर्च मागे राहिलेल्यांवर पडतो, दर वाढतो, मग पुढचा कारखाना बाहेर पडण्याचा हिशेब मांडू लागतो. आता बंगल्यांच्या छपरांवरही पॅनेल चढली आहेत. दिवसा त्यांचा मीटर जवळजवळ शून्यावर असतो, रात्री मात्र त्यांना तीच तार हवी असते. युनिटाच्या दरात तारेचा खर्च मिसळला, की जो युनिटं कमी घेतो तो तारेचा खर्चही कमी देतो, मग तार त्याने कितीही वापरो. वीज कायद्यात, बाहेर पडणाऱ्या बड्या ग्राहकाकडून क्रॉस सबसिडीचा अधिभार घेण्याची तरतूद आहे, ती ही गळती थांबवायला. कारखानदार त्याला दंड म्हणतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो थकलेल्या वर्गणीसारखा आहे, पण त्यात तारेची वर्गणी किती आणि दुसऱ्याचं अनुदान किती हे स्पष्ट नसतं, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

उघड अनुदानाचा मार्ग त्यामानाने प्रामाणिक. 2003 च्या वीज कायद्याचं 65 वं कलम सांगतं, की सरकारला एखाद्या गटाला सवलतीत वीज द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण पैसे कंपनीला आगाऊ मोजावेत. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. शेतकऱ्यासाठी दर शून्यावर आला, पण आयोगाच्या हिशेबात शून्य झाला नाही. तो सरकारच्या अर्थसंकल्पात गेला. हॉटेलिंग यांनी सुद्धा शून्य दर सुचवला नव्हता हे इथे लक्षात घ्यायला हवं. पंपाच्या प्रत्येक युनिटाला कुठेतरी कोळसा जळतो, आणि विहिरीतलं पाणीही उपसलं जातं. सीमान्त खर्चाच्याही खाली दर गेला, की ज्या युनिटाची किंमत शेतकऱ्याच्या लेखी रुपया आहे ते चार रुपये खर्चून पुरवलं जातं. हे ड्युपुईच्या पुलाच्या बरोबर उलट झालं. शेतकऱ्याला मदत द्यावी की नाही हा वेगळा प्रश्न. माझं उत्तर होकारार्थी आहे. पण ती विजेच्या दरातूनच द्यायची म्हटलं की पाणी आणि वीज दोन्ही जास्त खर्च होतात.

यात आणखी एक मेख आहे. बऱ्याच पंपांना मीटर नाहीत, त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. किती युनिटं गेली हा अंदाज असतो. अंदाज फुगवला, तर चोरी आणि गळतीत गेलेली वीज ‘शेतीला विकली’ म्हणून दाखवता येते, गळतीची टक्केवारी देखणी दिसते आणि सरकारकडून मागायचं अनुदानही वाढतं. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने ही शंका वर्षानुवर्षं मांडली आहे. सरासरी खर्चाच्या पद्धतीचं मूळ दुखणंच हे. जो खर्च दाखवाल तो भरून मिळणार असेल, तर खर्च कमी कशाला करायचा? उपकेंद्र गरजेपेक्षा मोठं बांधलं तरी त्यावर परतावा मिळतोच. म्हणून आयोग खर्च तपासून त्यातला अवाजवी भाग कापतो, गळतीचं लक्ष्य ठरवून देतो आणि त्यापुढची गळती कंपनीच्या माथी मारतो. या चाळणीची जाळी किती बारीक आहे, यावर 6 रुपयांचा दर खरा 6 आहे की त्यात दीड रुपया गचाळपणाचा आहे, हे ठरतं.

आणि जेव्हा दरवाढही नको, अनुदानही नको, असं एकाच वेळी ठरतं तेव्हा? तेव्हा तोटा वहीत लिहून ठेवला जातो. त्याला नियामक मत्ता असं भारदस्त नाव आहे. कंपनीचा खर्च मान्य, पण वसुली पुढे कधीतरी, व्याजासकट. दिल्लीत अशी थकबाकी साचत साचत 27 हजार कोटी रुपयांच्या वर गेली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की साचलेली रक्कम एप्रिल 2024 पासून सात वर्षांत फेडून टाका, आणि यापुढे निर्माण होणारी तीन वर्षांत. दर दाबून ठेवल्याचं श्रेय ज्यांना मिळालं ते आणि ही रक्कम भरणारे, यांत बरंच अंतर पडलेलं असेल. अनुदान अर्थसंकल्पात दिसतं, क्रॉस सबसिडी दरपत्रकात शोधली तर सापडते. ही मात्र वसुलीची वेळ येईपर्यंत ग्राहकाला दिसतच नाही, म्हणून तिन्हींत मला ती सर्वात वाईट वाटते.

सीमान्त खर्चाची कल्पना यामुळे निकाली निघते असं मात्र नाही. उलट तिची सर्वात उपयोगी बाजू आत्ता पुढे येते आहे. मार्सेल ब्वातू हे फ्रेंच अर्थतज्ज्ञ, पुढे त्यांच्या देशाच्या सरकारी वीज कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी 1949 मध्येच दाखवलं, की विजेचा सीमान्त खर्च एक नसतो, तो तासागणिक बदलतो. तारा आणि केंद्रं मोकळी असताना आणखी एक युनिट स्वस्त पडतं. सगळे एकदम वापर करतात तेव्हा त्याच युनिटासाठी नवी तार आणि नवं केंद्र लागतं, म्हणून त्या वेळेच्या दरातच क्षमतेचाही खर्च घालायला हवा. गंमत अशी, की असं केल्यावर सीमान्त खर्चाच्या दरातून तारेचा बराचसा खर्च आपोआप निघतो आणि तोटा आक्रसतो. महाराष्ट्रात उद्योगांसाठी वेळेनुसार दर बऱ्याच वर्षांपासून आहेत. सौर विजेमुळे दुपार आता स्वस्त झाली आहे आणि संध्याकाळ महाग. घरोघरी स्मार्ट मीटर बसले की हाच हिशेब गिरणी, गिझर आणि वॉशिंग मशीनपर्यंत येणार. त्याला विरोध करण्यापेक्षा दुपार आणि संध्याकाळच्या दरांतलं अंतर खऱ्या खर्चाइतकं आहे का, हे विचारणं जास्त फायद्याचं.

आणि विचारायची जागा उपलब्ध आहे. दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करून लोकांच्या सूचना आणि हरकती मागवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या विचारात घेतल्यावरच आयोगाला निर्णय देता येतो. सुनावणीला बहुधा उद्योजकांच्या संघटना तयारीनिशी येतात आणि घरगुती ग्राहक ‘दर कमी करा’ एवढंच म्हणून परततात. पुढच्या वेळी प्रस्ताव आला की तीन गोष्टी तपासा : ठरीव खर्चापैकी किती भाग स्थिर आकारातून येतो, शेतीचा वापर मोजलेला आहे की अंदाजाने धरलेला, आणि या वर्षी वसूल न केलेली किती रक्कम पुढच्या वर्षांच्या नावावर ढकलली आहे. हरकत लेखी द्या आणि या तीन आकड्यांवर द्या.